तिजोरीच चोरांच्या हाती लागली तर: पासवर्ड मॅनेजरचं झीरो-नॉलेज कुठपर्यंत पुरतं

प्रश्न: दादरला आमची छोटी सीए फर्म आहे, शिकाऊ आर्टिकल्स धरून 11 जण. चारशेच्या वर क्लायंटचे इन्कम टॅक्स आणि जीएसटी पोर्टलचे पासवर्ड आजवर एका एक्सेल शीटमध्ये होते. आता पासवर्ड मॅनेजर घ्यायचं ठरतंय. विकणारा म्हणतो, "आमचं झीरो-नॉलेज आहे, आमचा सर्व्हर हॅक झाला तरी तुमचं काही जाणार नाही." हे कितपत खरं? सगळं एका जागी ठेवणं उलट जास्त धोक्याचं नाही का?

उत्तर:

विकणाऱ्याच्या वाक्याला एक अट आहे आणि ती त्याने सांगितलेली नाही. सर्व्हर हॅक झाला तरी तुमचं काही जाणार नाही, पण ते तुमचा मास्टर पासवर्ड, म्हणजे बाकी सगळे पासवर्ड उघडणारा एक पासवर्ड, अंदाजाने सापडण्यासारखा नसेल तरच. शिवाय हे वाक्य फक्त सर्व्हरवरच्या चोरीबद्दल आहे. तुमच्या ऑफिसातल्या लॅपटॉपवर काय होतं, याबद्दल ते काहीच बोलत नाही. मी मुंबईत लहानमोठ्या कंपन्यांसाठी हेच काम करते, आणि मी पाहिलेली बहुतेक प्रकरणं या दुसऱ्या प्रकारची होती. तरी सर्व्हरपासूनच सुरुवात करू, कारण तिथलं गणित कळल्याशिवाय पुढचं नीट उमगत नाही.

उदाहरणाला बिटवॉर्डन हा पासवर्ड मॅनेजर घेते, कारण त्याचा कोड खुला आहे आणि काय होतं ते कोणीही तपासू शकतं. बाकीच्यांची मांडणी तपशिलात वेगळी असली तरी गाभा साधारण हाच असतो. सकाळी तुम्ही टेबलावर बसून मास्टर पासवर्ड टाइप केलात की तुमच्याच कॉम्प्युटरवर हे घडतं:

```
master_key = PBKDF2(master_password, email, 600000)
wrap_key   = HKDF(master_key)
login_hash = PBKDF2(master_key, master_password, 1)

protected  = AES_encrypt(vault_key, wrap_key)
vault      = AES_encrypt(items, vault_key)
```

पहिली ओळ सगळ्यात महत्त्वाची. तुमचा पासवर्ड आणि ईमेल एकत्र करून तो एका गणिती घाण्यात घातला जातो आणि घाणा 6 लाख वेळा फिरवला जातो. बाहेर पडते ती 256 बिटांची चावी. तुम्हाला त्यासाठी एखादा सेकंद थांबावं लागतं, जाणवतही नाही. पण अंदाज लावत बसलेल्या चोराला प्रत्येक अंदाजामागे तोच घाणा 6 लाख वेळा फिरवावा लागतो. मुद्दाम हळू केलेलं हे काम आहे.

या चावीने तुमचे पासवर्ड थेट बंद, म्हणजे एन्क्रिप्ट, होत नाहीत. खातं उघडताना तुमच्या कॉम्प्युटरवर एक वेगळी, पूर्णपणे यादृच्छिक चावी तयार होते, वरची `vault_key`. सगळे पासवर्ड तिने बंद होतात, आणि ती चावी पासवर्डातून निघालेल्या चावीने बंद करून ठेवली जाते. चावी एका छोट्या डबीत आणि डबीला तुमच्या पासवर्डाचं कुलूप, असं समजा. म्हणूनच मास्टर पासवर्ड बदलला की चारशे नोंदी नव्याने बंद कराव्या लागत नाहीत, फक्त डबीचं कुलूप बदलतं. सोयीची गोष्ट आहे, पण तिची दुसरी बाजू पुढे येईल.

आता सर्व्हरकडे काय जातं ते पाहा. तुमचा ईमेल, `login_hash`, बंद डबी आणि बंद तिजोरी. मास्टर पासवर्ड जात नाही, `master_key` जात नाही, उघडी `vault_key` जात नाही. तुम्ही तुम्हीच आहात हे सर्व्हर `login_hash`वरून ओळखतो, आणि तोही तो जसाच्या तसा साठवत नाही, पुन्हा एकदा घाण्यातून काढून ठेवतो. `login_hash`वरून उलट जाऊन चावी काढता येत नाही. झीरो-नॉलेज म्हणतात ते एवढंच: तिजोरी कंपनीकडे, चावी तुमच्याकडे. गणितात 'झीरो-नॉलेज प्रूफ' नावाची एक वेगळी, जास्त काटेकोर संकल्पना आहे. पासवर्ड मॅनेजरच्या जाहिरातीतला शब्द तिच्याबद्दल नसतो, तेव्हा दोघांची गल्लत करू नका.

बँकेच्या लॉकरची उपमा इथे बरेच जण देतात, पण ती फसवी आहे. लॉकरला बँकेच्या माणसाची चावी आणि तुमची चावी, दोन्ही लागतात. इथे कंपनीची चावीच नाही. म्हणून कोणतंही उत्पादन घेण्याआधी विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: "मी मास्टर पासवर्ड विसरलो, आधी कोणतीही रिकव्हरीची सोय लावून ठेवलेली नाही, तर तुम्ही माझा डेटा परत मिळवून द्याल का?" उत्तर "हो, सपोर्टला फोन करा" असं आलं, तर त्यांच्याकडे चावी आहे. उत्तर "नाही, डेटा गेला समजा" असं असेल, तर दावा निदान जागेवर आहे.

आता समजा सर्व्हर फुटला. हे कल्पनेवर सोडायची गरज नाही, 2022 मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरच्या बाबतीत ते घडलं आणि कंपनीने स्वतः बरंच जाहीर केलं. ऑगस्टमध्ये एका डेव्हलपरच्या कॉम्प्युटरमार्गे हल्लेखोर आत शिरले, सोर्स कोड आणि तांत्रिक माहिती घेऊन गेले. पुढे त्यांनी सर्व्हर सांभाळणाऱ्या एका डेव्हऑप्स इंजिनियरला गाठलं. क्लाउडवरचे बॅकअप उघडायच्या चाव्या कंपनीत चारच जणांकडे होत्या, त्यांतला हा एक. त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्याच कंपनीचं एक मीडिया सॉफ्टवेअर होतं, त्यातल्या त्रुटीतून की-लॉगर बसवला गेला. इंजिनियरने दुहेरी पडताळणी पार करून मास्टर पासवर्ड टाइप केला, तो की-लॉगरने टिपला, आणि कंपनीची स्वतःची तिजोरी उघडली गेली. तिथून बॅकअपच्या चाव्या आणि बॅकअपमधून ग्राहकांच्या बंद तिजोऱ्यांच्या प्रती. 22 डिसेंबर 2022 रोजी कंपनीने हे ग्राहकांना कळवलं.

ग्राहकांच्या बाजूने पाहिलं तर झीरो-नॉलेजने आपलं काम केलं. चोरांच्या हाती चाव्या लागल्या नाहीत, कारण त्या कंपनीकडे नव्हत्याच. युजरनेम, पासवर्ड आणि नोट्स बंद होत्या. पण दोन गोष्टी उघड्या पडल्या आणि त्या दोन्ही तुमच्या कामाच्या आहेत.

पहिली, वेबसाइटचे पत्ते बंद केलेले नव्हते. म्हणजे कोणाच्या तिजोरीत कोणत्या बँकेचं, कोणत्या ब्रोकरचं, कोणत्या क्रिप्टो एक्स्चेंजचं खातं आहे, ते न फोडताच वाचता येत होतं. सोबत ईमेल, फोन नंबर आणि बिलिंगचे पत्ते. लाखो बंद तिजोऱ्या हाती आल्यावर आधी कोणती फोडायची, याची यादीच चोराला आयती मिळाली. तुमच्यासारख्या फर्मच्या तिजोरीत एकाच सरकारी पोर्टलच्या शेकडो नोंदी दिसल्या, तर हा कर सल्लागार आहे हे ओळखायला हुशारी लागत नाही. म्हणून घेताना विचारा: नोंदीचं नाव, वेबसाइटचा पत्ता, फोल्डरचं नाव, यांतलं काय बंद असतं आणि काय उघडं? 'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन' एवढा शब्द छापलेला असणं हे याचं उत्तर नव्हे.

दुसरी गोष्ट त्या घाण्याच्या फेऱ्यांची. 2018 पासून लास्टपासमध्ये फेऱ्यांची नेहमीची संख्या 1,00,100 होती. पण बरीच जुनी खाती 5,000 वरच राहिली होती, काही त्याहूनही कमी. नव्या खात्यांसाठी आकडा वाढला, जुन्यांना कोणी हलवलं नाही. ग्राहकाला सेटिंगमध्ये जाऊन बघेपर्यंत याचा पत्ताही नसे.

याने नक्की किती फरक पडतो, ते आकडे मांडून पाहू. आरटीएक्स 4090 सारखं एक महागडं ग्राफिक्स कार्ड या घाण्याच्या सेकंदाला सुमारे 9 अब्ज फेऱ्या मारू शकतं. म्हणजे 5,000 फेऱ्यांच्या खात्यावर सेकंदाला 18 लाख अंदाज, 1 लाखाच्या खात्यावर 90 हजार, आणि 6 लाखांच्या खात्यावर 15 हजार.

आता मास्टर पासवर्ड घेऊ `Ganesh@1987`. अकरा अक्षरं, मोठं अक्षर आहे, चिन्ह आहे, आकडे आहेत. कुठलाही फॉर्म याला 'स्ट्राँग' म्हणून हिरवा रंग देईल. पण चोर अक्षरं अंदाजत नाही, साचा अंदाजतो. प्रचलित 10,000 नावं, पहिलं अक्षर मोठं किंवा लहान, मधे पाचांपैकी एक चिन्ह, शेवटी शंभरपैकी एक साल. गुणाकार केला की होतात 1 कोटी शक्यता. एका कार्डावर 5,000 फेऱ्यांचं खातं साडेपाच सेकंदांत संपतं. 1 लाखाचं दोन मिनिटांच्या आत. आणि आजच्या शिफारशीप्रमाणे 6 लाख फेऱ्या असल्या तरी अकरा मिनिटांत. घाणा हळू केल्याने कच्चा पासवर्ड वाचत नाही. फार तर चोराला एक चहा घ्यायला उठता येतं.

याच्या शेजारी दुसरा पासवर्ड ठेवा: फासे टाकून निवडलेले चार शब्द. यासाठी 7,776 शब्दांच्या याद्या मिळतात. पाच फासे टाकायचे, जो पाच अंकी आकडा येईल त्याच्यापुढचा शब्द घ्यायचा. चार शब्दांच्या शक्यता होतात सुमारे 36 लाख अब्ज. 6 लाख फेऱ्यांवर एका कार्डाला त्या सगळ्या तपासायला 7,700 वर्षं लागतील. चोराने हजार कार्डं लावली तर सरासरी चार वर्षं. हेच खातं 5,000 फेऱ्यांवर असेल, तर हजार कार्डांना सगळ्या शक्यता संपवायला महिनाही लागत नाही. इथे फेऱ्यांना खरी किंमत येते, कारण पासवर्ड मुळात भक्कम आहे.

आणि पाचवा शब्द जोडलात तर हे सगळे आकडे 7,776 पटीने वाढतात. 5,000 वरून 6 लाख फेऱ्यांवर गेल्याने मिळाली फक्त 120 पट, आणि एका शब्दाने मिळाली 7,776 पट. सेटिंगमध्ये खटपट करण्यात तास घालवण्यापेक्षा एक शब्द वाढवणं केव्हाही स्वस्त. फक्त शब्द फाशांनी निवडलेले हवेत. स्वतःच्या मनाने निवडाल तर मुलीचं नाव, गाव आणि कुलदैवत येणारच. मी आजवर ज्यांना 'कोणतेही चार शब्द' निवडायला सांगितले, त्यांतल्या बहुतेकांनी हेच केलं.

`Argon2id` हा घाण्याचा दुसरा पर्याय सेटिंगमध्ये दिसला तर तो घ्या. तो फेऱ्यांसोबत मेमरीही अडवतो, त्यामुळे ग्राफिक्स कार्डावर एकाच वेळी हजारो अंदाज चालवणं महाग पडतं. वनपासवर्ड हा मॅनेजर वेगळी वाट घेतो. तिथे तुमच्या कॉम्प्युटरवर 128 बिटांची एक यादृच्छिक 'सिक्रेट की' तयार होते, ती सर्व्हरकडे कधीच जात नाही, आणि मास्टर पासवर्डासोबत तीही चावीत मिसळली जाते. नुसती सर्व्हरवरची प्रत चोरून अंदाज लावण्याचा रस्ताच त्याने बंद होतो, पासवर्ड `Ganesh@1987` असला तरी. अकरा माणसांच्या ऑफिसात सगळ्यांचे पासवर्ड भक्कम असतील याची खात्री देता येत नाही, म्हणून मला ही रचना आवडते. तिची किंमत अशी की ती की हरवली आणि सगळी जोडलेली यंत्रंही गेली, तर तिजोरीही गेली. तिची छापील प्रत सांभाळावीच लागते.

इथे दोन गैरसमज मला नेहमी भेटतात. एक, "आमच्याकडे ओटीपी चालू आहे, मग काय भीती?" ओटीपी हा सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन आहे. गेटमधून येणाऱ्याला तो अडवतो. पण चोराने मागची भिंत फोडून तिजोरीच ट्रकमध्ये घालून नेली, तर वॉचमनशी त्याची गाठच पडत नाही. बिटवॉर्डनच्या वरच्या पाच ओळी पुन्हा पाहा, त्यांत ओटीपी कुठेच नाही. चोरलेल्या प्रतीवर अंदाज लावताना कोणी ओटीपी विचारत नाही. ओटीपी लावाच, पण तो दुसऱ्या धोक्यासाठी आहे: कोणी तुमचा पासवर्ड मिळवून सरळ लॉगिन करू पाहील तेव्हासाठी.

दुसरा गैरसमज, "चोरी झाल्याचं कळलं की मास्टर पासवर्ड बदलू." डबीचं कुलूप आठवा. तुम्ही बदलता ते तुमच्याकडच्या आजच्या डबीचं कुलूप. चोराकडे गेलेली डबी जुन्याच कुलपाची आहे आणि ती जुन्या पासवर्डानेच उघडणार, आज ना उद्या, दोन वर्षांनीसुद्धा. तुम्हाला कळणारही नाही, कारण ती फोडताना तो कोणाच्याही सर्व्हरला हात लावत नाही, कुठल्याही लॉगमध्ये नोंद होत नाही. अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी मार्च 2025 मध्ये कोर्टात मांडलेल्या एका प्रकरणात, जानेवारी 2024 मधल्या सुमारे 15 कोटी डॉलरच्या क्रिप्टो चोरीचा धागा 2022 मध्ये फुटलेल्या एका ऑनलाइन पासवर्ड मॅनेजरपर्यंत नेला आहे. तिजोरीची प्रत गेली असेल तर उपाय एकच: आतला प्रत्येक पासवर्ड त्या त्या पोर्टलवर जाऊन बदलायचा. चारशे क्लायंट म्हणजे दोन-तीन माणसांचं काही दिवसांचं काम आहे. पण ते टाळून मास्टर पासवर्ड तेवढा बदलणं म्हणजे काहीच न करणं.

आता तुमच्या लॅपटॉपकडे येऊ. लास्टपासच्या त्या इंजिनियरची तिजोरीही झीरो-नॉलेजच होती. तिचं एन्क्रिप्शन कोणी फोडलं नाही, मालकाने ती उघडली तेव्हा चोर खांद्यामागे उभा होता. पासवर्ड वापरायचा तर तो कधीतरी उघडावा लागतोच, आणि तो उघडतो तुमच्या यंत्राच्या मेमरीत. त्या क्षणी त्या यंत्रावर दुसरं कोणी असेल, तर कुठलंही झीरो-नॉलेज तुमच्या मदतीला येत नाही.

माझ्याकडे आलेलं एक प्रकरण तुमच्या फर्मशी बरंच मिळतंजुळतं होतं. पश्चिम उपनगरातली एक सल्लागार फर्म, माणसं तुमच्याएवढीच. एका क्लायंटने सकाळी फोन करून विचारलं, "काल रात्री साडेअकराला तुम्ही माझ्या मोबाइलवर ओटीपी का मागवलात?" कोणीच मागवला नव्हता. दुपारपर्यंत तशाच तक्रारीचे आणखी दोन फोन. त्यांनी पासवर्ड मॅनेजरच्या लॉगिनच्या नोंदी पाहिल्या, त्यात एकही अनोळखी लॉगिन नव्हतं, म्हणून ते निर्धास्त झाले होते. मूळ सापडलं ते एका ज्युनियरच्या लॅपटॉपवर. त्याने पीडीएफ एडिटरची क्रॅक केलेली आवृत्ती टाकली होती आणि तिच्यासोबत माहिती चोरणारा एक प्रोग्राम आला होता. असे प्रोग्राम ब्राउझरचं प्रोफाइल फोल्डर उचलून नेतात, आणि पासवर्ड मॅनेजरच्या ब्राउझर एक्स्टेन्शनचा डेटा त्याच फोल्डरात असतो.

तिथेही तिजोरी बंदच असायला हवी होती. पण त्या मुलाने दिवसातून दहादा मास्टर पासवर्ड टाकायचा कंटाळा करून लॉकची वेळ `Never` ठेवली होती. तिजोरी कधीच बंद होऊ नये असं म्हटलं, की ब्राउझर बंद करून उघडल्यावरही ती उघडी मिळण्यासाठी चावी डिस्कवरच ठेवावी लागते. बिटवॉर्डन हा पर्याय निवडताना तशी सूचनाही दाखवतं. त्यामुळे चोराला एकाच फोल्डरात बंद तिजोरी आणि तिची चावी, दोन्ही मिळाली. अंदाज नको, ग्राफिक्स कार्ड नको, आणि सर्व्हरला न विचारता सगळं उघडलं. लॉगिनची नोंद नव्हती, कारण लॉगिन झालंच नव्हतं.

म्हणून माझ्या लेखी तुमच्या ऑफिससाठी सगळ्यात मोलाच्या सेटिंग कंटाळवाण्या आहेत. पंधरा मिनिटं हात लागला नाही की तिजोरी बंद. ब्राउझर बंद झाला की तिजोरी बंद. आणि ज्या लॅपटॉपवर क्लायंटचे पासवर्ड उघडतात त्यावर स्वतःहून सॉफ्टवेअर टाकायची मुभा आर्टिकलला नाही. हे टीम प्लॅनमध्ये धोरण म्हणून सगळ्यांवर लावता येतं का, ते घेण्याआधी तपासा. प्रत्येकाला समजावून सांगून हे टिकत नाही, मार्च-एप्रिलच्या घाईत तर नाहीच.

तिसरी जागा जरा सूक्ष्म आहे: सर्व्हर चोरीला गेला नाही, पण खोटं बोलू लागला तर? म्हणजे हल्लेखोर सर्व्हरवर ठाण मांडून बसला, किंवा कंपनीतलाच कोणी फितला. झीरो-नॉलेजमध्ये गणित तुमच्या यंत्रावर होतं हे खरं, पण ते गणित करणारा कोड येतो कुठून? ब्राउझरमध्ये वेबसाइट उघडून तिजोरी वापरत असाल, तर तो कोड प्रत्येक वेळी त्याच सर्व्हरवरून येतो. फितलेला सर्व्हर तुमचा मास्टर पासवर्ड टिपून घेणारं पान पाठवू शकतो, आणि तुम्हाला पान नेहमीसारखंच दिसेल. डेस्कटॉप अॅप आणि एक्स्टेन्शन यांचा कोड रोज नव्याने येत नाही, सही केलेल्या अपडेटमधून येतो, आणि तो फिरवणं बरंच अवघड असतं. त्यामुळे वेबसाइटवरची तिजोरी फक्त अडीनडीला, रोजचं काम अॅपमधून, हा नियम ठेवा.

कोड खरा असला तरी तो काही गोष्टी सर्व्हरला विचारतोच. किती फेऱ्या मारायच्या हे लॉगिनच्या आधी सर्व्हरच सांगतो. सर्व्हरने "तुझ्या 6 लाख नाहीत, एकच" असं सांगितलं आणि अॅपने ते निमूट ऐकलं, तर निघणाऱ्या `login_hash`वर अंदाज लावणं लाखो पटीने स्वस्त होतं. चांगल्या अॅपने ठरावीक मर्यादेखालचा आकडा नाकारायलाच हवा.

पण तुम्हाला जास्त लागू पडतं ते वाटणीचं. तुमचे पासवर्ड एकट्याचे नाहीत, अकरा जणांचे आहेत. फर्मची एक सामाईक चावी असते आणि नवीन माणूस आला की ती त्याच्या पब्लिक की-ने, म्हणजे बंद कोणीही करू शकेल पण उघडू फक्त तोच शकेल अशा कुलपाने, बंद करून त्याला पाठवली जाते. आता त्या माणसाची पब्लिक की तुम्हाला कोण देतं? सर्व्हर. त्याने आर्टिकलच्या नावाखाली स्वतःचीच की पुढे केली, तर तुम्ही फर्मची चावी आपल्या हाताने त्याच्या स्वाधीन कराल आणि स्क्रीनवर सगळं सुरळीत दिसेल. यावर बिटवॉर्डनमध्ये एक साधी सोय आहे. नव्या माणसाला मंजुरी देताना पाच इंग्रजी शब्दांचं एक `fingerprint phrase` दिसतं, आणि त्याच्या स्वतःच्या अॅपमध्येही त्याला तेच दिसायला हवं. मोठ्या कंपन्यांत कोणी हे पाहत नाही. तुमच्याकडे सगळे एका खोलीत बसतात. त्याला म्हणा, "वाच रे तुझे पाच शब्द," आणि जुळवून मगच मंजूर करा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

रिकव्हरीची सोयही समजून घेऊन लावा. एखादा कर्मचारी मास्टर पासवर्ड विसरला तर अॅडमिनला तो नव्याने लावता येतो, अशी सोय काही टीम प्लॅनमध्ये असते. याचा अर्थ त्या कर्मचाऱ्याच्या चावीची एक प्रत फर्मच्या चावीने बंद करून ठेवलेली असते. कंपनीला ती उघडता येत नाही, पण तुमचं अॅडमिन खातं ज्याच्या हाती गेलं त्याला येते. सोय लावाच, नाहीतर जुलैच्या रिटर्नच्या गर्दीत कोणीतरी विसरणार. मात्र अॅडमिन दोघेच ठेवा, आणि त्यांचे पासवर्ड पाच शब्दांचे.

आणि जी गोष्ट कुठलंही एन्क्रिप्शन करू शकत नाही ती आर्टिकलशिप संपताना समोर येते. बऱ्याच मॅनेजरमध्ये 'पासवर्ड दिसणार नाही, फक्त भरला जाईल' अशी परवानगी असते. फॉर्ममध्ये भरायचा तर तो त्याच्या ब्राउझरमध्ये उघडावाच लागतो, आणि तिथून तो पाहणं थोड्याफार जाणकाराला अवघड नाही. खातं काढून टाकल्यावर त्याला नवे पासवर्ड दिसणार नाहीत. जुने त्याने पाहिलेले असू शकतात. म्हणून सुरुवातीलाच नोंदी क्लायंटच्या गटांप्रमाणे वेगळ्या ठेवा आणि ज्याचं ज्या गटावर काम, त्याला तेवढाच गट. मग मुलगा गेला की चारशे नाही, त्याच्या गटातले तीसेक पासवर्ड बदलायचे.

'सगळं एका जागी' हा तुमचा प्रश्न रास्त आहे, पण एक्सेलमध्येही सगळं एकाच जागी होतं, शिवाय उघडं. आणि एक फायदा असा जो शीटमध्ये कधीच नव्हता: मॅनेजर पासवर्ड भरण्याआधी वेबसाइटचा खरा पत्ता ताडून पाहतो. इन्कम टॅक्सच्या पोर्टलसारखं हुबेहूब दिसणारं बनावट पान आलं तर माणूस फसतो, मॅनेजर पासवर्ड भरायलाच तयार होत नाही. नेहमी आपोआप भरणारी जागा रिकामी राहिली, तर हाताने कॉपी करून चिकटवू नका, आधी वरचा पत्ता वाचा. हे मात्र सगळ्या आर्टिकल्सना एकदा बसवून दाखवा.

फासे टाकून ठरवलेला पासवर्ड कागदावर लिहा, अॅडमिनची रिकव्हरी माहिती त्याच पाकिटात घाला, पाकीट बंद करून दोन्ही भागीदारांना उघडता येईल अशा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. महिनाभर रोज टाइप केल्यावर पासवर्ड पाठ होतो, तोवर खिशात चिठ्ठी असली तरी चालेल. आणि नोंदी नव्या तिजोरीत गेल्यावर ती एक्सेल शीट शोधायला एक पूर्ण दिवस काढा. ती फक्त ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नसते. कोणीतरी ती स्वतःला मेल केलेली असते, ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन वर्षांपूर्वी टाकलेली असते, घरच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरात असते, नव्या तिजोरीत भरण्यासाठी काढलेली सीएसव्ही फाइल डेस्कटॉपवर राहिलेली असते. सगळ्या प्रती पुसल्या गेल्या अशी खात्री तुम्हाला देता येणार नाही, म्हणून त्यात जे पासवर्ड होते ते मोठ्या क्लायंटपासून सुरुवात करून एकेक बदलत जा आणि प्रत्येक नवा पासवर्ड मॅनेजरलाच तयार करू द्या.